एका दाबात हजेरी

आयफोनच्या डाव्या कडेला, आवाजाच्या बटणांच्या वर, 2007 पासून एक छोटी खटकी होती. ती सरकवली की फोन मुका व्हायचा, परत सरकवली की वाजायला लागायचा. सप्टेंबर 2023 मध्ये आयफोन 15 प्रो आला आणि त्या खटकीच्या जागी एक साधं दाबायचं बटण बसलं. त्याचं नाव अ‍ॅक्शन बटण. पुढच्या वर्षी ते आयफोन 16 च्या सगळ्या मॉडेलांवर आलं. त्याला टॉर्च, कॅमेरा, व्हॉइस रेकॉर्डिंग अशी तयार कामं देता येतात आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. पण त्याच यादीत `Shortcut` नावाचा पर्याय आहे. आपण स्वतः रचलेली कामांची मालिका त्यामुळे या बटणाला जोडता येते आणि एक दाब दिला की पाच-सहा गोष्टी ओळीने होतात.

ही मालिका रचायचं अ‍ॅप प्रत्येक आयफोनमध्ये असतं. त्याचंही नाव `Shortcuts`. त्यात तयार क्रिया एकाखाली एक मांडायच्या असतात: तारीख घे, नोटमध्ये लिही, लोकेशन काढ, मेसेज पाठव. प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मात्र कोणती क्रिया आधी आणि कोणती नंतर, याचा विचार करावाच लागतो. शॉर्टकट भरवशाचा होणार की ऐन वेळी दगा देणार, हे त्या क्रमावर ठरतं. एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू.

समजा, पुण्यात घरोघरी जाऊन रुग्णांची ड्रेसिंग आणि इंजेक्शनं करणारी एक नर्स आहे. सकाळी कोथरूड, दुपारी सिंहगड रोड, संध्याकाळी आणखी कुठे. प्रत्येक घरी पोहोचल्याची वेळ तिला लिहून ठेवायची असते, कारण महिन्याचा हिशोब त्यावर होतो. शिवाय सुपरवायझरला कळवायचं असतं. एका हातात सामानाची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, समोर दार उघडून उभे असलेले नातेवाईक. अशा वेळी अ‍ॅप शोधून टाइप करत बसणं जमत नाही. मग संध्याकाळी आठवून वेळा लिहिल्या जातात आणि त्यात चूक होते. काम रोजचं, घाईतलं आणि दर वेळी अगदी तसंच आहे. बटणाला द्यावं ते असंच काम.

आता मांडणी. बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो क्रम असा: लोकेशन काढ, ते आणि वेळ जोडून मजकूर कर, नोटमध्ये लिही, मेसेज पाठव. वाचायला हा क्रम सरळ वाटतो, पण त्यात एक खोट आहे. `Shortcuts` मध्ये एखादी क्रिया फसली की मालिका तिथेच थांबते आणि पुढचं काहीच होत नाही. ‘हे जमलं नाही तर सोडून दे आणि पुढे चल’ असं सांगायची सोय त्यात नाही. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा लिफ्टमध्ये लोकेशन मिळालं नाही, तर पहिल्याच पायरीला गाडी अडते आणि वेळेची नोंदही होत नाही. वेळेसाठी खरं तर ना उपग्रह लागतो, ना नेटवर्क.

म्हणून नियम असा ठेवायचा की जे सगळ्यात महत्त्वाचं आणि कधीच न फसणारं, ते आधी. जे फसू शकतं, ते नंतर. काम झाल्याची खूण सगळ्यात शेवटी.

```
Text: आले – Current Date
Append to Note: भेटींची नोंद
Get Current Location
Text: पोहोचले – Current Location
Append to Note: भेटींची नोंद
Send Message: सुपरवायझर
Vibrate Device
```

पहिल्या दोन ओळींत ‘आले’ हा शब्द, तारीख आणि वेळ ‘भेटींची नोंद’ या नोटमध्ये जाऊन बसतात. ही नोट आधीच तयार करून ठेवायची. पुढे काहीही बिघडलं तरी वेळ लिहिली गेलेली असते. तिसऱ्या ओळीत लोकेशन निघतं. त्या क्रियेत अचूकता ठरवता येते. ती सर्वोच्च ठेवली तर घरात, भिंतींच्या आड, फोन बराच वेळ चाचपडत बसतो. शंभर मीटरची अचूकता निवडली तर उत्तर लवकर येतं आणि कोणत्या सोसायटीत पोहोचलो हे कळायला तेवढं पुरतं. मजकुरात लोकेशन घातलं की सहसा पत्ताच उमटतो, आकडे नाहीत. तो पत्ता नोटमध्येही जातो आणि मेसेजमध्येही.

मेसेज पाठवण्याच्या क्रियेत `Show When Run` नावाची खूण असते. ती बंद करायला विसरू नये. ती चालू राहिली तर फोन मेसेज लिहून समोर ठेवतो आणि आपण पाठवायचं बटण दाबायची वाट पाहत थांबतो. मग एका दाबात काम होण्याचा मुद्दाच राहत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं असेल तर `wa.me` ची लिंक उघडून मजकूर तयार करून देता येतो, पण शेवटचा पाठवायचा बाण आपल्यालाच दाबावा लागतो. हात मोकळा नसताना म्हणून साधा एसएमएस बरा.

शेवटची ओळ फोन थरथरवते. ती शेवटी असल्यामुळे तिला अर्थ आहे. फोन थरथरला, म्हणजे वरच्या सगळ्या पायऱ्या पार पडल्या. थरथरला नाही, तर कुठेतरी अडलं आहे आणि स्क्रीनकडे बघायला हवं. एवढी खूण हाताला कळते, डोळे रुग्णाकडे राहतात. यालाही एक मर्यादा आहे. थरथर म्हणजे मेसेज फोनने पाठवायला घेतला, सुपरवायझरपर्यंत पोहोचला असं नव्हे. नेटवर्क नसेल तर मेसेजच्या अ‍ॅपमध्ये त्याच्यापुढे लाल रंगात `Not Delivered` दिसतं. दिवसातून एकदा तिथे नजर टाकावी.

बटणाला हे जोडायचं काम अगदी थोडं आहे. `Settings` मध्ये `Action Button` उघडायचं, चित्रं बाजूला सरकवत `Shortcut` पर्यंत जायचं आणि आपला शॉर्टकट निवडायचा. बटण दाबून धरल्यावरच काम सुरू होतं. नुसता ओझरता दाब लागला तर काही होत नाही, त्यामुळे खिशात चुकून हजेरी लागण्याची भीती कमी असते.

तरीही पहिल्याच दिवशी रुग्णाच्या दारात हे वापरायला जाऊ नये. पहिल्या वेळी फोन परवानग्या विचारतो: लोकेशन वापरू का, या नंबरला मेसेज पाठवू का. घरी बसून, फोन उघडा ठेवून, चार-पाच वेळा चालवून पाहावं आणि विचारेल तिथे `Always Allow` निवडावं. मग फोन लॉक करून पुन्हा दाबावं. काही क्रिया लॉक उघडल्याशिवाय होत नाहीत, विशेषतः दुसरं अ‍ॅप उघडणाऱ्या. अडलं तर कोणत्या पायरीला अडलं हे स्क्रीनवर दिसतं. उद्या सुपरवायझर बदलला आणि नंबर नवा टाकला, तर परवानगीचा प्रश्न पुन्हा येऊ शकतो. त्यामुळे कोणताही बदल केल्यावर घरीच एकदा दाबून बघावं.

निघतानाची नोंदही हवी असेल तर सुरुवातीला `Choose from Menu` ही क्रिया घालून ‘आले’ आणि ‘निघाले’ असे दोन पर्याय ठेवता येतात. मग दाबल्यावर स्क्रीनवर दोन नावं येतात आणि एकावर बोट ठेवावं लागतं. बटण एकच असलं तरी कामं दोन होतात, पण त्याबदल्यात न बघता काम उरकण्याची सोय जाते. पर्याय दोनांवरून सहांवर गेले की अ‍ॅप उघडणं आणि हे करणं यांत फारसा फरक उरत नाही.

फोन मुका करायचं काम आता या बटणावर राहणार नाही, हेही लक्षात ठेवावं. ते `Settings` मधल्या `Sounds & Haptics` मधून करता येतं.

अ‍ॅक्शन बटण नसलेला, पण आयफोन 8 किंवा त्यानंतरचा फोन असेल, तर `Accessibility` मध्ये `Touch` आणि त्यात `Back Tap` आहे. फोनच्या पाठीवर दोन किंवा तीन टिचक्या मारल्या की हाच शॉर्टकट चालतो. फक्त टिचक्या चुकूनही लागू शकतात, तेव्हा मेसेज पाठवणाऱ्या कामासाठी तीन टिचक्यांचा पर्याय घ्यावा. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड असतो. सॅमसंगच्या अनेक फोनांत `Advanced features` मध्ये बाजूचं बटण दोनदा दाबल्यावर आवडीचं अ‍ॅप उघडायची सोय आहे. इतर फोनांत ‘की मॅपर’ नावाचं मुक्त-स्रोत अ‍ॅप आवाजाच्या बटणांना वेगळं काम देऊ शकतं. ते अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं आणि ही परवानगी फार मोठी असते, कारण स्क्रीनवर काय चाललं आहे तेही तिच्यामुळे वाचता येतं. म्हणून अशी अ‍ॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावीत. स्क्रीन बंद असताना ती सहसा चालत नाहीत आणि बॅटरी वाचवणारी सेटिंग त्यांना मधूनच बंद पाडते, हे गृहीत धरावं.

या सगळ्यात एक गोष्ट मोलाची आहे. कर्मचाऱ्याचं ठिकाण दिवसभर टिपत राहणारी अ‍ॅप अनेक ठिकाणी सक्तीची असतात. इथे ठिकाण तेव्हाच कळतं, जेव्हा ती नर्स स्वतः बटण दाबते. नोंद तिच्या फोनमध्ये, तिच्या नोटमध्ये राहते. महिनाअखेरीला हिशोबात फरक निघाला तर दाखवायला तिच्याकडे तारीख, वेळ आणि पत्ता असतो.

शेवटी एक इशारा. असं बटण हाती आलं की ‘संकटात घरच्यांना मेसेज’ हे काम त्याला द्यावंसं वाटतं. तसं मेसेजचं काम जरूर द्या, पण मदत मागण्यासाठी त्यावर विसंबू नका. परवानगी राहून गेली, लोकेशन मिळालं नाही, एक पायरी फसली, की तो मेसेज जातच नाही. संकटासाठी वेगळी सोय आधीच आहे. दूरसंचार विभागाच्या नियमांनुसार 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर आपत्कालीन कॉलचं बटण सक्तीचं झालं. स्मार्टफोनवर त्यासाठी पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबण्याची पद्धत ठरली आणि आयफोनही भारतात ती पाळतो. काही फोनांत मात्र पाच वेळा दाबावं लागतं. आपल्या फोनात नेमकं किती वेळा ते आजच `Settings` मध्ये `Emergency SOS` उघडून बघून घ्या. घरातल्या प्रत्येकाला ते सांगा, आणि 112 हा नंबर पाठ असू द्या.