मित्र म्हणतो, ‘बोअर झालं’. मग पुढे काय?

१९२६च्या जून महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर अर्नेस्ट हेमिंग्वेने आपल्या कादंबरीचं हस्तलिखित एका मित्राच्या हातात ठेवलं. कादंबरी होती ‘द सन ऑल्सो रायझेस’ आणि मित्र होता स्कॉट फिट्झजेराल्ड. वर्षभरापूर्वीच ‘द ग्रेट गॅट्सबी’ प्रसिद्ध झालेली असल्याने फिट्झजेराल्डचं नाव तेव्हा हेमिंग्वेपेक्षा बरंच मोठं होतं. त्याने वाचून लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात भीडभाड ठेवली नाही. सुरुवात निष्काळजीपणे लिहिली आहे, निवेदक उगाच शेरे मारतो, स्वतःला शहाणा समजतो, असं त्याने सुनावलं. उपायही सांगितला: सुरुवातीचे साधारण ७,५०० शब्द ५,००० वर आणायचे, तेही इथलं-तिथलं खरवडून नव्हे, तर कमकुवत प्रसंगच काढून.

हेमिंग्वेने सुरुवातीची पानं छाटली नाहीत, ती सगळीच काढून टाकली. त्या पानांत निवेदक स्वतःची ओळख करून देत होता, नायिका ब्रेटचा आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा पूर्वेतिहास सांगत होता. यातलं जे कळणं गरजेचं आहे ते पुढे कथेतूनच कळतं, हे हेमिंग्वेच्या लक्षात आलं. छापील कादंबरी सुरू होते रॉबर्ट कोनच्या मुष्टियुद्धापासून आणि ब्रेट येते थेट तिसऱ्या प्रकरणात.

या प्रसंगात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मित्राने बोट ठेवलेली जागा हेमिंग्वेने मान्य केली, पण उपाय स्वतःचा शोधला. त्याची तुटक वाक्यं, संवाद, काही गोष्टी न सांगता सोडून देण्याची रीत, यांतलं काहीच बदललं नाही. उलट त्या रीतीला न शोभणारी पानं गेल्यामुळे ती अधिक ठळक झाली.

मित्राच्या तोंडून आलेल्या प्रत्येक शेऱ्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: तो कुठे अडला, तिथे त्याला काय वाटलं आणि त्याच्या मते काय करायला हवं. पहिल्या दोन गोष्टींबाबत तो क्वचितच चुकतो. तो तिथे खरोखर कंटाळला होता, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तिसऱ्या गोष्टीत मात्र तो वाचक राहत नाही, लेखक होतो, आणि तुमच्या जागी तो असता तर त्याने कसं लिहिलं असतं हे सांगतो. म्हणून शेरे कागदावर उतरवताना तीन रकाने आखावेत: जागा, काय वाटलं, सुचवलेला उपाय. ‘बोअर झालं’ एवढंच ऐकायला मिळालं, तर पहिला रकाना भरेपर्यंत मित्राला सोडू नये. ‘कुठल्या परिच्छेदाला नजर पुढे पळाली?’ हा प्रश्न ‘का आवडलं नाही?’ यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

समजा, एका लेखिकेने वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. मैत्रिणीने वाचून सांगितलं, ‘अगं, पहिल्या पानाला झोप आली. वाक्यं किती लांब, तोड ती सगळी. आणि शेवटी गिरणी बंद पडते तिथे जरा रडव ना.’

पहिला शेरा घेऊ. पहिल्या पानावर असं लिहिलेलं आहे: ‘पूर्वी गावातले जीवन साधे होते. माणसे एकमेकांना धरून राहत. गिरणी म्हणजे जणू गावाचे हृदयच.’ ही वाक्यं कुठल्याही गावाच्या कुठल्याही लेखात चालतील, आणि कंटाळ्याचं मूळ तिथेच आहे. ही लेखिकेची भाषा नव्हेच; लिहायला बसल्यावर सगळ्यांच्याच हातून जी उतरते ती आहे. त्यामुळे हे पान काढून टाकलं तर तिचं स्वतःचं काहीच जात नाही. गिरणीचा पट्टा सुरू होतो त्या वाक्यापासून लेख सुरू करता येतो.

दुसरा शेरा जास्त अवघड, कारण लांब वाक्य ही या लेखिकेची लकब आहे. ज्या वाक्याला मैत्रीण अडखळली ते असं: ‘बाबा, ज्यांना गिरणीच्या आवाजाने एका कानाने कमी ऐकू येई आणि ज्यांच्या भुवयांवर कायम पीठ साचलेले असे, बाईने उतरवलेला डबा उचलून, वजन करून, दळण ओतून, पीठ चिमटीत धरून बघत.’ मैत्रिणीच्या सांगण्याप्रमाणे तोडलं तर होतं: ‘बाबा डबा उचलत. वजन करत. दळण ओतत. पीठ बघत.’ आता अडखळायला होत नाही, पण माणूस बदलला. हे कुणीतरी दुसरंच बोलतंय.

खरी अडचण लांबीची नाही. ‘बाबा’ हा कर्ता आणि त्यांची कामं यांच्यामध्ये ‘ज्यांना... ज्यांच्या...’ असं कुंपण उभं आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे कर्ता पकडून वाचकाला तिथपर्यंत जावं लागतं आणि वाटेत तो हातून निसटतो. म्हणून तेवढंच कुंपण काढायचं: ‘बाबांच्या भुवयांवर कायम पीठ असायचं आणि एका कानानं त्यांना कमी ऐकू यायचं. बाईनं डबा उतरवला की ते तो उचलायचे, वजन करायचे, दळण ओतायचे, पीठ चिमटीत धरून बघायचे आणि मगच पुढच्या डब्याकडे वळायचे.’ दुसरं वाक्य अजून लांबच आहे, पण एका दमात वाचता येतं. अशीच रचना आणखी कुठे झाली आहे का, ते लेखभर शोधायचं. बाकीच्या लांब वाक्यांना हात लावायचा नाही.

तिसऱ्या शेऱ्यातला ‘रडव’ हा उपाय सरळ बाजूला ठेवावा, पण त्यामागचं वाटणं खरं आहे: शेवट मैत्रिणीला भिडला नाही. अशा वेळी दोष बहुधा शेवटाच्या आधी असतो. गिरणी बंद पडली हे कळतं, पण ती हळूहळू कशी ओस पडत गेली हे वाचकाने पाहिलेलंच नाही. मग लेखाच्या मध्यावर दोन वाक्यं घालावीत: दाराबाहेर लागणारी डब्यांची रांग आत आली, पुढे ती एका बाकावर मावू लागली, आणि पिशवीतलं तयार पीठ घेऊन जाणारी शेजारीण गिरणीसमोरून जाताना पदर पिशवीवर ओढू लागली. शेवट आहे तसाच कोरडा राहू द्यावा.

हे करताना दोन चुका हमखास होतात. मैत्रिणीने बोलता बोलता सुचवलेलं वाक्य चांगलं वाटतं म्हणून जसंच्या तसं उचललं जातं. लेख मोठ्याने वाचला की ते ओळखू येतं: त्या वाक्यापाशी आपला सूर बदलतो, ते वाचून दाखवल्यासारखं होतं. दुसरी चूक म्हणजे टीका झालेली प्रत्येक लकब सोडून देणं. त्यासाठी शेरे ऐकण्याआधीच, आपल्या लेखनातलं काय आपण जाणूनबुजून करतो, ते तीन-चार ओळींत लिहून ठेवावं. यादीतल्या गोष्टीवर शेरा आला, तर ती गोष्ट काढायची नाही, तिथे ती का फसली हे शोधायचं. यादीबाहेरचं काहीही काढायला मन मोकळं ठेवावं.

सुधारलेला मजकूर त्याच मैत्रिणीला परत देताना काय बदललं ते सांगू नये. नुसतं वाचायला द्यावं आणि पुन्हा एवढंच विचारावं की नजर कुठे पळाली. तिने सांगितलेला उपाय न करताही ती आता त्या जागी थांबली नाही, तर दुरुस्ती योग्य ठिकाणी झाली. आणि ती पुन्हा तिथेच अडली, तर तिचं म्हणणं बरोबर होतं आणि कारण ओळखण्यात आपण कमी पडलो, असं समजून त्याच वाक्यापाशी परत बसावं.