शेअरचे तुकडे आणि तुकड्यांचा शेअर

२९ जुलै २०२२ या रेकॉर्ड डेटला ज्यांच्या डिमॅट खात्यात टाटा स्टीलचे १० शेअर होते, त्यांच्या खात्यात त्यानंतर १०० शेअर दिसू लागले. बाजारभावही त्याच हिशेबाने खाली आला. आधी नऊशेच्या वर असलेला शेअर शंभरच्या आसपास मिळू लागला. गुंतवणूकदाराची एकूण रक्कम तेवढीच राहिली, कंपनीचे भांडवलही तेवढेच राहिले. दहा रुपये दर्शनी किमतीच्या प्रत्येक शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर झाले, इतकाच हा बदल. त्याला शेअरचे विभाजन म्हणतात; बाजारात सगळे ‘स्प्लिट’ म्हणतात.

याच्या उलट म्हणजे एकत्रीकरण. दहा रुपयांचे दहा शेअर मिळून शंभर रुपयांचा एक शेअर. कागदावर दोन्ही क्रिया एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा वाटतात. कायदा मात्र त्यांना सारखे मानत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६१ मध्ये दोन्ही शेजारी शेजारी असल्या, तरी एकत्रीकरणाला एक अट जोडली आहे, जी विभाजनाला नाही. ती अट का आहे, हे कळले की हा सगळा विषय कळतो.

आधी विभाजन. कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, असा बदल करण्याचा अधिकार लिहिलेला असावा लागतो. तो नसेल तर आधी विशेष ठरावाने नियमावली दुरुस्त करायची आणि त्या ठरावाची नोंद एमजीटी-१४ या फॉर्ममधून करायची. अधिकार असेल तर संचालक मंडळ प्रस्ताव मंजूर करते आणि सर्वसाधारण सभा साध्या ठरावाने, म्हणजे निम्म्याहून अधिक मतांनी, त्यावर शिक्का उठवते. टाटा स्टीलच्या मंडळाने ३ मे २०२२ रोजी शिफारस केली आणि २८ जूनच्या वार्षिक सभेत भागधारकांनी मंजुरी दिली. कोणत्याही न्यायालयात जावे लागले नाही.

या उदाहरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मात्र पूर्ण भरलेल्या शेअरचा नाही. कंपनीचे काही शेअर ‘अंशतः भरलेले’ होते. त्यांच्या दहा रुपये दर्शनी किमतीपैकी २.५०४ रुपयेच भरले गेले होते, उरलेले मागवूनही आलेले नव्हते. कायदा सांगतो की, मूळ शेअरमध्ये भरलेल्या आणि न भरलेल्या रकमेचे जे प्रमाण होते, तेच प्रत्येक लहान शेअरमध्ये राहिले पाहिजे. म्हणून त्या शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर झाले आणि प्रत्येकावर ०.२५०४ रुपये भरलेले धरले गेले. दोन शेअर पूर्ण भरलेले आणि आठ जवळपास कोरे, अशी सोयीची वाटणी करता येत नाही. तशी मुभा असती, तर एखाद्याने भरलेले शेअर ठेवून कोरे भलत्याच्या गळ्यात मारले असते आणि कंपनीचे येणे बुडाले असते.

ठराव झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कंपनी निबंधकाकडे एसएच-७ हा फॉर्म भरावा लागतो. सोबत ठरावाची प्रमाणित प्रत आणि भांडवलाचे कलम बदललेले मेमोरँडम जोडायचे. उशीर झाला तर दिवसाला पाचशे रुपये दंड लागतो; कंपनीसाठी त्याची कमाल मर्यादा पाच लाख आणि जबाबदार अधिकाऱ्यासाठी एक लाख आहे. नोंदणीकृत कंपनीला याशिवाय मंडळाचा निर्णय ताबडतोब शेअर बाजाराला कळवावा लागतो, रेकॉर्ड डेट जाहीर करावी लागते आणि शेअरला नवा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. टाटा स्टीलच्या शेअरचा जुना क्रमांक INE081A01012 होता, विभाजनानंतर तो INE081A01020 झाला.

आता एकत्रीकरण. मोठ्या कंपन्या ते करतात तेव्हा कारण बहुधा फारच खाली आलेला भाव असतो. नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित सिटीग्रुपचे प्रमुख असताना, मे २०११ मध्ये, अमेरिकेतल्या त्या बँकेने दहा शेअरचा एक केला. सुमारे साडेचार डॉलरचा शेअर पंचेचाळीसच्या आसपास गेला आणि २९ अब्ज शेअरचे २.९ अब्ज झाले. आपल्याकडे नोंदणीकृत कंपन्यांत हे क्वचित घडते. प्रश्न उद्भवतो तो अधिक करून लहान खाजगी कंपन्यांत.

समजा, एका घरगुती कंपनीचे दहा रुपयांचे १०,००० शेअर आहेत. थोरल्या भावाकडे ७,४८०, धाकट्याकडे १,५४०, बहिणीकडे ९४० आणि एका जुन्या भागीदाराकडे ४०. दहा शेअरचा एक केला तर त्यांच्याकडे अनुक्रमे ७४८, १५४, ९४ आणि ४ शेअर येतील. कुणाचाही अपूर्णांक उरत नाही, मतांची टक्केवारी तसूभरही हलत नाही. इथे साधा ठराव आणि एसएच-७ पुरेसे.

पण शंभर शेअरचा एक केला तर? आकडे येतात ७४.८, १५.४, ९.४ आणि ०.४. अर्धामुर्धा शेअर कुणाच्या नावावर नोंदवता येत नाही. पूर्ण शेअर ९८ होतात आणि अपूर्णांकांची बेरीज दोन शेअर. सहसा हे दोन शेअर एका विश्वस्ताकडे देऊन विकले जातात आणि पैसे ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे वाटले जातात. ते थोरल्या भावाने घेतले, की त्याच्याकडे शंभरपैकी ७६ शेअर झाले. जुना भागीदार भागधारकच उरला नाही. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात. सगळ्यांनी मतदान केले तर ७४.८ टक्क्यांवर थोरला भाऊ एकट्याच्या बळावर तो मंजूर करू शकत नव्हता. आता करू शकतो.

नेमके हेच रोखण्यासाठी ती अट आहे. एकत्रीकरणामुळे मतांची टक्केवारी बदलत असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीशिवाय ते अमलातच येत नाही. त्यासाठी एनसीएलटी-१ या नमुन्यात अर्ज करून बदलाचे कारण सांगावे लागते आणि भांडवलाची आधीची व नंतरची रचना मांडावी लागते. सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते, म्हणजे हरकत असणाऱ्याला ती मांडता येते. आदेश मिळाल्यावर तोही निबंधकाकडे दाखल करायचा.

विभाजनात ही अडचण येतच नाही, कारण एका शेअरचे पूर्ण तुकडे करताना कुणाचेही काही उरत नाही. एकत्रीकरणातही ती टाळता येते. थोरल्या भावाने आधी आपले काही शेअर देऊन प्रत्येकाची संख्या शंभराच्या पटीत आणली, तर एकत्रीकरणाच्या पायरीवर टक्केवारी बदलत नाही.

विभाजन झाल्यावर खरेदीची किंमतही त्याच प्रमाणात वाटली जाते, हे कराचा हिशेब करताना विसरू नये. नऊशेला घेतलेल्या एका शेअरचे दहा झाले, तर प्रत्येकाची खरेदी नव्वदची धरायची. एकत्रीकरणाची नोटीस हाती आली, तर आपल्या शेअरच्या संख्येला जाहीर प्रमाणाने भागून पाहावे. बाकी उरत असेल तर ती कोण घेणार, कोणत्या भावाने घेणार आणि न्यायाधिकरणाकडे अर्ज केला आहे का, हे तीन प्रश्न सभेपूर्वी कंपनीला लेखी विचारावेत.