३३,१०० चं कर्ज आणि १३,३१० चा हप्ता

बँकेच्या नोकरीची परीक्षा असो की सरकारी भरतीची, अंकगणितात हा प्रश्न आकडे बदलून येतच राहतो : ‘द.सा.द.शे. १० दराने चक्रवाढ व्याजाने घेतलेले ३३,१०० रुपयांचे कर्ज तीन समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे असल्यास प्रत्येक हप्ता किती?’ चक्रवाढ हा शब्द दिसला की बरीच मुलं पाठ केलेल्या सूत्राकडे धावतात. तीन वर्षांची रास काढतात, ती ४४,०५६ रुपये १० पैसे येते. तिला तीनने भागतात आणि १४,६८५ च्या जवळचा पर्याय शोधतात. असा पर्याय बहुधा असतोही, कारण प्रश्न काढणाऱ्याला हा मोह चांगला ठाऊक असतो.

चूक भागाकारात नाही. पूर्ण ३३,१०० रुपये तीन वर्षं ऋणकोकडेच राहिले, असं या रीतीत गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाच्या शेवटी त्यातला काही भाग परत गेलेला असतो आणि पुढचं व्याज फक्त उरलेल्या रकमेवर चढतं. म्हणून विचारायचा प्रश्न उलटा आहे : एक, दोन आणि तीन वर्षांनी दिला जाणारा एकेक हप्ता आजच्या कर्जातला किती भाग फेडतो?

दर १० टक्के, म्हणजे एकदशांश. आजचे १० रुपये वर्षाने ११ होतात, आजचे १०० दोन वर्षांनी १२१ आणि आजचे १,००० तीन वर्षांनी १,३३१. आता हप्ता १,३३१ रुपयांचाच आहे असं क्षणभर धरू. हा आकडा ११ चा घन असल्यामुळे अपूर्णांकांची कटकट उरत नाही. पहिला हप्ता वर्षाने येतो, तो आजच्या १,२१० रुपयांची फेड करतो. दुसरा १,१०० ची आणि तिसरा १,००० ची. बेरीज ३,३१०. म्हणजे १,३३१ च्या तीन हप्त्यांत ३,३१० चं कर्ज फिटतं. आपलं कर्ज त्याच्या दहापट आहे, तेव्हा हप्ता १३,३१०. कागदावर दोन ओळी पुरतात.

विश्वास बसत नसेल तर खातं लिहून पाहावं. पहिल्या वर्षाचं व्याज ३,३१०; हप्त्यातून ते वजा जाता मुद्दलात १०,००० जमा होतात आणि बाकी २३,१०० उरते. दुसऱ्या वर्षी व्याज २,३१०, मुद्दलात ११,०००, बाकी १२,१००. तिसऱ्या वर्षी व्याज १,२१०, मुद्दलात १२,१००, बाकी शून्य. हप्ता तोच, पण त्यातलं व्याज दरवर्षी घटतं आणि मुद्दलाचा वाटा बरोबर १० टक्क्यांनी वाढत जातो. एकूण व्याज ६,८३० रुपये. तीन वर्षं काहीच न देता शेवटी सगळं एकदम फेडलं असतं, तर व्याजच १०,९५६ रुपये झालं असतं.

दर ५ टक्के असेल तर तो एकविसांश. २० चे २१ होतात. दोन हप्ते असतील तर हप्ता ४४१ धरायचा : पहिला ४२० फेडतो, दुसरा ४००, मिळून ८२०. म्हणून ८,२०० च्या कर्जाला ४,४१० चा हप्ता. साडेबारा टक्के म्हणजे एकअष्टमांश, तिथे ८ चे ९. रीत तीच.

इथेच पर्याय गाळायची एक सोयही आहे, आणि परीक्षेत ती वापरायला माझी काही हरकत नाही. कर्ज आणि हप्ता दोन्ही पूर्ण रुपयांत असतील, तर १० टक्क्यांच्या तीन हप्त्यांच्या गणितात हप्त्याला १,३३१ ने, म्हणजे अर्थातच ११ ने, भाग जायलाच हवा. ज्या पर्यायाला ११ ने भाग जात नाही तो खोडावा. मात्र प्रश्नात ‘सुमारे’ किंवा ‘अंदाजे’ असा शब्द असेल तर ही सोय विसरावी.

सगळ्यात जास्त गुण जातात ते वाचण्यात. ‘प्रत्येक वर्षाच्या शेवटी’ असं लिहिलं असेल, किंवा काहीच लिहिलं नसेल, तर वरची रीत चालते. पण पहिला हप्ता कर्ज घेताक्षणी द्यायचा असेल, तर प्रत्येक हप्ता एक वर्ष अलीकडे येतो आणि १३,३१० ऐवजी १२,१०० होतो. ताळा पाहा : ३३,१०० मधून १२,१०० गेले, २१,००० उरले, त्याचे वर्षाने २३,१००, त्यातून १२,१०० वजा जाता ११,०००, आणि त्याचे पुन्हा वर्षाने १२,१००. ‘वस्तू घेताना अमुक रक्कम रोख भरली’ असा प्रश्न असेल, तर ती रोख रक्कम किमतीतून आधी वजा करायची. हप्त्यांचं गणित सुरू होतं ते उरलेल्या रकमेपासून.