वक्त्याचे मानधन, मुक्काम आणि शाल

चर्चासत्राचे निमंत्रण फोनवर स्वीकारले जाते. भाड्याचे व मानधनाचे बोलणे मात्र ‘ते आपण पाहूच’ या शब्दांवर थांबते. व्यापारात तोंडी सौदाही दराशिवाय होत नाही. येथे मात्र संकोच आड येतो. म्हणून होकार मिळाल्यावर दोन दिवसांत वक्त्यास एक ई-मेल जावा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात.

समजा, करसल्लागार वक्ते मुंबईहून कोल्हापूरला यायचे आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे जाता-येताचे तिकीट संस्थेनेच काढावे. वक्त्यांनी खर्च करून नंतर पावत्या मागण्याची वेळ येऊ नये. गाडी सकाळी पोहोचते, परंतु बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी बारानंतरच मिळते. त्यामुळे आरक्षण आदल्या रात्रीपासून करावे, अन्यथा प्रमुख पाहुणे बॅगेसह स्वागतकक्षात बसून राहतात. घरी चौविहार पाळला जात असल्यास भोजन सूर्यास्तापूर्वी होईल, हेही कळवावे. उशिरा जेवणाऱ्या वक्त्यांस ते आधी ठाऊक असलेले बरे.

सर्वाधिक गैरसमज मानधनाच्या आकड्यात होतो. एका आर्थिक वर्षात एकाच तज्ज्ञास दिलेले व्यावसायिक शुल्क 50,000 रुपयांवर गेले, की संस्थेला 10 टक्के करकपात करावी लागते (ही मर्यादा एप्रिल 2025 पासूनची, पूर्वी ती 30,000 होती). जूनमध्ये 30,000 दिले तेव्हा कपात नव्हती. जानेवारीत त्याच वक्त्यांस पुन्हा 30,000 द्यायचे झाले, तर एकूण 60,000 वर 6,000 रुपये कापले जातात आणि हाती 24,000 येतात. रक्कम कमी का, हे त्यांना पाकीट उघडल्यावर कळू नये. म्हणून ई-मेलमध्ये असे लिहावे :

‘मानधन रु. 30,000. यंदाच्या दोन्ही व्याख्यानांच्या रकमेवरील करकपात रु. 6,000 वजा करून रु. 24,000 कार्यक्रमानंतर सात दिवसांत आपल्या खात्यात जमा होतील. पॅन व बँकेचा तपशील कृपया कळवावा.’

पॅन आवश्यकच, तो नसल्यास कपात 20 टक्क्यांवर जाते. वक्ता शासकीय सेवेत असेल, तर मानधन व भेटवस्तू स्वीकारण्यावर सेवानियमांची बंधने असतात. ते त्यांनाच आधी विचारावे.

भेटवस्तू मानधनाच्या जागी देऊ नये. वक्त्यांना त्याच रात्री परतायचे असते, तेव्हा काचेची भारी चौकट त्यांच्या हाती देणे हा सन्मान कमी, ओझेच अधिक. चामड्याचे पाकीट आपल्या व्यासपीठावरून देणे शोभत नाही, आणि अहिंसेच्या विचाराने अनेक घरे रेशीमही टाळतात. सुती शाल, श्रीफळ आणि वक्त्यांच्या आवडीचे एखादे पुस्तक पुरेसे होते. पुस्तकावर तारीख व व्याख्यानाचा विषय लिहिलेला असावा. त्यांच्याकडे ते आधीच नाही ना, हे ई-मेल पाठवतानाच विचारून घेता येते.