विश्लेषण : ईआरपीत सगळा डेटा असताना वेगळे ‘डेटा वेअरहाऊस’ कशासाठी?

खरेदी, उत्पादन, माल रवाना करणे, बिल, वसुली या सगळ्याची नोंद ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये होते. तरीही व्यवसाय वाढला की अनेक कंपन्या अहवालांसाठी दुसरा डेटाबेस उभारतात. त्यालाच ‘डेटा वेअरहाऊस’ म्हणतात. एकच डेटा दोन ठिकाणी ठेवण्याचा हा खटाटोप का, हे कर्जत-खालापूर पट्ट्यातील एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेऊ.

ईआरपीवर ताण कधी येतो?

समजा, खोपोलीत पाइप बनविणारा एक मध्यम कारखाना आहे. महिनाअखेरीस फाटकावर ट्रक उभे आहेत आणि रवानगी विभाग एकामागून एक बिले काढतो आहे. त्याच वेळी मुख्य कार्यालयातून कुणी तरी तीन वर्षांच्या विक्रीचा ग्राहकनिहाय अहवाल मागवतो. बिल काढताना डेटाबेसला मोजक्याच ओळी हाताळाव्या लागतात. अहवालासाठी मात्र लाखो ओळी वाचून त्यांची बेरीज करावी लागते. काही डेटाबेसमध्ये ही वाचनेच नव्या नोंदी अडवून धरतात. जिथे तसे होत नाही, तिथेही प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही कामांत वाटली जातेच. परिणामी बिलाचा पडदा अडकतो आणि ट्रक फाटकावरच थांबतात.

फक्त वेगाचाच प्रश्न आहे का?

नाही. केवळ वेग हवा असेल तर ईआरपीच्या डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवूनही भागते. खरी अडचण इतिहासाची आहे. ईआरपीला ‘आज काय आहे’ हे हवे असते. त्यामुळे ग्राहकाची माहिती बदलली की अनेकदा जुनी माहिती पुसली जाते.

याच कारखान्याचा चौक येथील एक विक्रेता गेल्या वर्षी कर्जत विभागाकडे होता. त्याने ४० लाखांचा माल घेतला. वर्षाची विक्री कर्जतची दोन कोटी, तर खालापूरची तीन कोटी होती. १ एप्रिलला हा विक्रेता खालापूर विभागाला जोडला गेला. आता गेल्या वर्षाचाच अहवाल पुन्हा काढला, तर कर्जत १.६० कोटी आणि खालापूर ३.४० कोटी दिसते. एकूण पाच कोटीच राहतात, म्हणून गफलत लवकर लक्षात येत नाही. कर्जतच्या प्रतिनिधीला दोन कोटींवर प्रोत्साहनभत्ता का दिला, असा प्रश्न लेखापरीक्षणात आला की मगच शोधाशोध सुरू होते. काही ईआरपी बिलावरच विभाग नोंदवून ठेवतात. तिथे ही अडचण येत नाही.

वेअरहाऊस हे कसे टाळते?

डेटा वेअरहाऊसची संकल्पना मांडणारे बिल इन्मन यांचा आग्रह होता, की त्यातील जुनी नोंद बदलायची नाही आणि प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ हवा. त्यामुळे चौकच्या विक्रेत्याच्या येथे दोन ओळी असतात. एक ‘कर्जत, ३१ मार्चपर्यंत’ आणि दुसरी ‘खालापूर, १ एप्रिलपासून’. प्रत्येक बिल त्याच्या तारखेला लागू असलेल्या ओळीशी जोडले जाते. राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत याला ‘टाइप २’ म्हणतात. असा अहवाल कधीही काढला तरी कर्जतची गेल्या वर्षाची विक्री दोन कोटीच येते.

डेटा तिथे पोहोचतो कसा?

बहुतेकदा रात्री. दररोज सगळा डेटा उचलण्याऐवजी मागच्या वेळेनंतर बदललेल्या ओळीच घेतल्या जातात:

```
WHERE updated_at > :last_run
```

येथे बिलाची तारीख वापरली तर फसगत होते. ३० जूनच्या तारखेचे बिल ३ जुलैला नोंदवले गेले, तर ते कायमचे सुटते. म्हणून ‘नोंद केव्हा बदलली’ ही वेळ पाहावी लागते. तरीही एक फट उरते. ईआरपीतून एखादी ओळ पूर्ण पुसली गेली, तर तिला बदलाची वेळच राहत नाही आणि वेअरहाऊसमध्ये ती तशीच पडून राहते. त्यासाठी रोज दोन्हीकडील बिलांची संख्या आणि एकूण रक्कम ताडून पाहतात. फरक आला तर त्या दिवसाचा डेटा पुन्हा भरला जातो.

मर्यादा कोणत्या?

वेअरहाऊस रात्री भरत असेल, तर त्यात कालपर्यंतचेच चित्र असते. आत्ता गोदामात किती पाइप आहेत, हे ईआरपीलाच विचारावे लागते. शिवाय वेअरहाऊस उभारण्यापूर्वी पुसला गेलेला इतिहास आपोआप परत येत नाही. जुने बॅकअप किंवा छापील अहवाल असतील तरच तो जोडता येतो. ज्यांचे अहवाल थोडे आहेत आणि विभाग सहसा बदलत नाहीत, त्यांना ईआरपीचे अहवाल पुरतात. ‘गेल्या वर्षी छापलेला आकडा आज वेगळा का दिसतो?’ असा प्रश्न मात्र वारंवार येऊ लागला, तर नुसता सर्व्हर मोठा करून तो सुटणार नाही.