कागद थांबतो कुठे?

कार्यालयात कामं तुंबली की पहिली मागणी येते, माणसं वाढवून द्या. पण काम कुठे तुंबलंय हे आधी पाहिलं का? केंद्र सरकारने पॉल ॲपलबी यांच्या अहवालानंतर 1954 साली यासाठी स्वतंत्र विभागच काढला. महाराष्ट्रात याला ‘रचना व कार्यपद्धती’ म्हणतात.

समजा, एका दाखल्याला चौदा दिवस लागतात. अभ्यास करणारा कुणाला जाब विचारत नाही. तो एका अर्जाबरोबर टेबलामागून टेबल फिरतो आणि प्रत्येक टप्पा लिहून काढतो: काम झालं, तपासणी झाली, कागद हलला की नुसता पडून राहिला. तक्ता भरल्यावर दिसतं की चौदा दिवसांत कागदावर प्रत्यक्ष हात फिरला तो तासभर. आवक शाखा दिवसभराचे अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी एकगठ्ठा वाटते, साहेबांच्या सह्या आठवड्यातून एकदाच होतात. सातपैकी तीन टेबलांवर ‘मान्यतेस्तव सादर’ एवढंच लिहिलं जातं. इथे माणसं वाढवली तर आणखी एक टेबल वाढेल, दिवस कमी होणार नाहीत.

माणसं खरंच कमी आहेत का, हे कार्यमापन सांगतं. एका अर्जाला साधारण वेगाने दहा मिनिटं लागतात. विसावा आणि किरकोळ खोळंबा यांसाठी पंधरा टक्के धरले की साडेअकरा. रोजचे चाळीस अर्ज म्हणजे 460 मिनिटं. आठ तासांच्या दिवसात हे एका कारकुनाचं काम आहे. तिथे तिघं असूनही काम उरत असेल, तर वेळ कुठे जातो? दिवसात अवेळी, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्षणी फेरी मारून कोण काय करतंय ते नोंदवायचं. दोनशे नोंदींत साठ वेळा जुनी फाईल शोधणं चाललेलं दिसलं, तर तीस टक्के वेळ अभिलेखांच्या अव्यवस्थेत जातोय. त्याचा दोष कारकुनाला देणं अन्यायाचं आहे.

या मोजमापाला मर्यादा आहेत. अपिलाचा निर्णय घड्याळावर बसत नाही, आणि मार्चमधली गर्दी सरासरीत दिसत नाही. मोठा धोका वेगळाच आहे. निकाली अर्जांची नुसती संख्या मोजली की ‘त्रुटी आहेत’ म्हणून अर्ज परत करणं सोयीचं होतं, आणि तोही निकाली धरला जातो. त्याच माणसाचा अर्ज महिन्याभरात पुन्हा आवकात आला, तर आकडे फुगवलेत असं समजावं.

महाराष्ट्राच्या 2005च्या विलंब प्रतिबंध कायद्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पण सात टेबलं प्रत्येकी सहा दिवस घेत राहिली, तर नियम पाळूनही अर्जदार बेचाळीस दिवस थांबतो. म्हणून आधी टेबलं कमी करा, पदांचा प्रस्ताव नंतर पाठवा.