दादाचा पाळणा

बारशाला बायका पाळणा म्हणतात. पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय, असे दिवस मोजत तो पुढे सरकतो. हाच साचा चार वर्षांच्या दादाच्या हाती दिला तर? त्याचे लक्ष आधी बाळाच्या बोळक्याकडे जाईल, आणि गाणे काहीसे असे होईल:

दात नाहीत छकुलीला,
चकली नको तिला,
तिची चकली मला!

यात लबाडी मुळीच नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या मते या वयाचे मूल जगाकडे स्वतःच्या जागेवरूनच पाहते.

पुढचे कडवे मुठीचे. नवजात बाळाच्या तळव्याला बोट लागले की मूठ आपोआप मिटते. ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. दादाचा निष्कर्ष मात्र ठाम: हिने मला ओळखले! गाणे खरे गोड होते ते इथे.

मोठ्यांनी रचलेल्या गाण्यात दादा ‘घराचे भाग्य’ म्हणू लागला, की आतून आई बोलते आहे हे ओळखावे. खरा दादा विचारतो, ही चालणार कधी? साधारण वर्षाने, असे कळले तरी तो आपला चेंडू आजच पाळण्यात ठेवून येतो.